सोसायटी काढायची की कंपनी? चप्पल कारागिरांच्या गटासाठी, हिशेबासकट

कोल्हापूरच्या सुभाषनगरात किंवा करवीरच्या एखाद्या गावात कोल्हापुरी चप्पल करणारी पंधरा-वीस घरं एकत्र येतात आणि ठरवतात, कातडं एकत्र आणू, व्यापाऱ्याची उचल बंद करू, माल आपल्या नावानं विकू. इथवर सगळ्यांचं एकमत असतं. नोंदणीचा विषय निघाला की फाटे फुटतात. कुणी म्हणतं सोसायटी काढू, कुणी म्हणतं आता कंपनीचे दिवस आहेत. मग ज्याच्या ओळखीचा सीए असेल त्याचं ऐकलं जातं. खर्च किती आणि कागद किती, एवढंच विचारून निर्णय होतो. खरा प्रश्न विचारायचा राहून जातो. वर्षाअखेरीला उरलेला पैसा कशाच्या प्रमाणात वाटायचा, घातलेल्या भांडवलाच्या की दिलेल्या मालाच्या?

हा लेख त्या प्रश्नाभोवतीच आहे. उदाहरण चपलेचं घेतलंय, पण गूळवाल्यांना किंवा माठ-कुंड्या करणाऱ्यांनाही हीच पद्धत चालेल.

आधी तीन पर्याय नीट समजून घ्या

पर्याय दोन वाटतात, प्रत्यक्षात तीन आहेत.

पहिला सहकारी संस्था, म्हणजेच सोसायटी, महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० खाली. दुसरा साधी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी. तिसरा उत्पादक कंपनी, म्हणजे जिच्या नावाच्या शेवटी ‘प्रोड्युसर कंपनी लिमिटेड’ येतं ती. हा प्रकार २००२ च्या दुरुस्तीनं कंपनी कायद्यात आला. कागदोपत्री ती कंपनी असते, पण मतदान आणि नफावाटपाचे तिचे नियम सहकाराच्या घरातले आहेत. बऱ्याच जणांना वाटतं की ही फक्त शेतकऱ्यांसाठी असते. तसं नाही. कायद्यातल्या ‘प्राथमिक उत्पादना’च्या व्याख्येत हातमाग, हस्तकला आणि कुटीरोद्योगाचा मालही येतो. त्यामुळे चप्पल कारागिरांना हा रस्ता खुला आहे.

सहकारी संस्थेला किमान १० सभासद लागतात आणि ते वेगवेगळ्या कुटुंबांतले असावे लागतात. उत्पादक कंपनीलाही किमान १० व्यक्ती लागतात आणि त्यातली प्रत्येक व्यक्ती उत्पादक असली पाहिजे. प्रायव्हेट लिमिटेड मात्र दोन जणांनाही काढता येते, आणि तिथे सभासदांची कमाल मर्यादा २०० आहे.

या दहाच्या नियमात एक गोष्ट लपलेली आहे, ती आपल्या धंद्यात फार महत्त्वाची आहे. चपलेची वेणी घालणं, पट्ट्यावरचं नाजूक काम, हे बहुतेक घरांत बायकाच करतात. सोसायटीच्या पहिल्या दहांत नवरा-बायको दोघांना धरता येत नाही, म्हणून सही नवऱ्याची होते आणि मग ‘घरातला एक आहे की’ म्हणून विषय मिटतो. नोंदणी झाल्यावर घरातल्या कारागीर बाईला स्वतंत्र सभासद करून घ्यायला अडचण नसते, उपविधीत, म्हणजे संस्थेच्या स्वतःच्या नियमांत, तसं लिहून ठेवा. उत्पादक कंपनीत प्रत्येक उत्पादक व्यक्ती सुरुवातीपासूनच आपल्या नावावर भागधारक होऊ शकते. जिचा हात मालाला लागतो तिचं नाव नोंदवहीत असलंच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. नाव नसेल तर मत नाही, आणि पुढं हिशेबात येणारा, दिलेल्या मालावर मिळणारा फरकही तिच्या खात्यावर येत नाही.

पायरी पहिली: मालाची आणि पैशाची वेगवेगळी यादी करा

नोंदणीआधी एक वही घाला. प्रत्येक घरासमोर दोन आकडे लिहा. गेल्या वर्षी त्या घरातून किती रुपयांचा माल बाहेर पडला, आणि नव्या संस्थेत ते घर किती रुपये घालू शकतं. मालाचा आकडा जोडांत लिहू नका, रुपयांत लिहा. साध्या लेडीज चपलेचा एक जोड आणि दोन दिवस खपून केलेल्या भरीव कापशीचा एक जोड सारखा मोजला, तर कसबी कारागीर पहिल्याच वर्षी नाराज होतो.

बहुतेक गटांत असं दिसतं की जास्त पैसे घालणारं घर आणि जास्त माल देणारं घर एकच नसतं. ते एकच असेल तर तुमचं काम सोपं आहे, कुठलाही पर्याय घेतला तरी वाद कमी होतील. नसेल तर पुढचा हिशेब सभेत फळ्यावर मांडा.

पायरी दुसरी: एकच नफा तीन प्रकारे वाटून बघा

समजा २० घरांचा गट आहे. सगळ्यांनी मिळून भाग भांडवल ५ लाख रुपये जमवलं. वर्षभरात संस्थेनं सभासदांकडून ४० लाखांची चप्पल घेतली, विकली, आणि सगळा खर्च जाऊन ६ लाख रुपये उरले.

या गटातले दोघे घेऊ. एक काका आहेत. वय झालंय, हात पूर्वीसारखा चालत नाही, पण गाठीला पैसे आहेत. त्यांनी १ लाखाचे भाग घेतले आणि वर्षात २ लाखांचा माल दिला. दुसरी एक ताई आहे. तिच्याकडे घालायला १० हजारच होते, पण घरातले सगळे राबतात, तिनं ४ लाखांचा माल दिला. म्हणजे काकांचं भांडवल शेकडा २० आणि माल शेकडा ५. ताईचं भांडवल शेकडा २ आणि माल शेकडा १०.

आता साधी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी घेऊ. आयकर बाजूला ठेवून ६ लाख पूर्ण लाभांश म्हणून वाटले असं धरा. लाभांश भागांच्या प्रमाणात जातो. काकांना १ लाख २० हजार मिळतात, ताईला १२ हजार. यात काकांनी कुणाला फसवलेलं नाही, कायद्यानं मालकी म्हणजे भाग, आणि त्यांचे भाग जास्त आहेत. मतही तसंच. शंभर मतांत काकांची वीस, ताईची दोन. ज्याच्याकडे निम्म्याच्या वर भाग तो संचालक ठरवतो, आणि पंचाहत्तर टक्के मतं हाताशी असतील तर कंपनीची नियमावलीही बदलता येते.

सोसायटीत तोच पैसा वेगळ्या वाटेनं जातो. कायद्यानं निव्वळ नफ्याचा किमान चौथा हिस्सा राखीव निधीला टाकावा लागतो, म्हणजे दीड लाख बाजूला. उरले साडेचार लाख. भागांवरचा लाभांश शेकडा १५ च्या वर देता येत नाही, द्यायचा तर सहकार खात्याच्या निबंधकांची आगाऊ मंजुरी लागते. आपल्या गटानं शेकडा १० ठरवला असं धरू. ५ लाखांवर ५० हजार गेले, त्यात काकांना १० हजार, ताईला १ हजार. आता ४ लाख राहिले. त्यातले ८० हजार शिक्षण निधी, इमारत निधी अशा इतर निधींना ठेवले. उरलेले ३ लाख २० हजार सभासदांनी दिलेल्या मालावर वाटायचे. ४० लाखांवर ३ लाख २० हजार म्हणजे शंभर रुपयांच्या मालामागं ८ रुपये. काकांना १६ हजार, ताईला ३२ हजार.

एकूण काकांना २६ हजार, ताईला ३३ हजार.

हा शंभरामागचा ८ रुपयांचा भाग कोल्हापुरात कुणाला समजावून सांगायला नको. दिवाळीला दूध संस्थेतून जो फरक मिळतो तो हाच. वर्षभर जितकं दूध घातलं तितका फरक. भाग किती आहेत ते तिथं कुणी विचारत नाही.

उत्पादक कंपनीत वाटणीचा क्रम जवळपास असाच आहे. आधी राखीव निधी, मग भागांवर मर्यादित परतावा, आणि उरलेलं सभासदाच्या व्यवसायातल्या सहभागाच्या प्रमाणात बोनस म्हणून. शिवाय संचालक मंडळ मालाची काही किंमत मागं ठेवून नंतर देऊ शकतं, रोख किंवा भागांच्या रूपात. म्हणजे काका आणि ताईचे आकडे साधारण सोसायटीसारखेच यायला हवेत. येतात का? एक खर्च मध्ये येतो.

उत्पादक कंपनीला पूर्णवेळ मुख्य कार्यकारी नेमावाच लागतो, आणि तो सभासदांपैकी असून चालत नाही. बाहेरचा माणूस, पगारी. उदाहरणापुरता महिना १५ हजार पगार धरा, वर्षाचे १ लाख ८० हजार झाले. ६ लाखांतले ४ लाख २० हजारच उरले. राखीव निधीला तसाच चौथा हिस्सा, भागांवर तेच १० टक्के, इतर निधी तेवढाच ठेवला तर फरकाला १ लाख ८५ हजार राहतात. शंभरामागं ८ रुपयांचे साडेचारच्या आसपास झाले. ताईचे ३२ हजार साडेअठरा हजारांवर आले.

तो माणूस खरंच बाजार आणणारा निघाला, पुण्या-मुंबईच्या दुकानांशी आणि ऑनलाइन विक्रीशी सौदे करू लागला, तर पगार सहज वसूल होतो. पण नुसता कागदावर नाव असलेला कार्यकारी नेमला तर ती कायद्याशी लबाडी होते आणि धंद्यालाही उपयोग नाही. ४० लाखांच्या उलाढालीला पूर्णवेळ पगारी माणूस पेलतो का, हे नोंदणीच्या अगोदर ठरवा.

राखीव निधी कुणाचा?

हा मुद्दा सभेत कुणी काढत नाही, पण दहा वर्षांनी भांडण इथंच होतं.

सोसायटीचा राखीव निधी सभासदांत वाटता येत नाही. संस्था गुंडाळली तरी देणी भागवून उरलेली मालमत्ता सभासदांना मिळत नाही, ती उपविधीत किंवा कायद्यात सांगितलेल्या कामाला जाते. सभासद बाहेर पडला तर त्याला भागाची दर्शनी रक्कम मिळते. संस्थेनं मधल्या काळात गाळा घेतला, त्याची किंमत तिप्पट झाली, तरी जाणाऱ्याला त्यातला रुपयाही नाही. काहींना हे अन्यायाचं वाटतं. मला ती सोसायटीची ताकद वाटते. संस्था विकून पैसे वाटून घ्यायचा मोह कुणाला होतच नाही, कारण वाटण्यासारखं काही हाताला लागत नाही.

उत्पादक कंपनीत संचालक मंडळाची शिफारस आणि सभेचा ठराव असेल तर राखीव निधीतून बोनस भाग देता येतात. ते मात्र धारण केलेल्या भागांच्या प्रमाणात मिळतात. आपल्या उदाहरणात काही वर्षांनी राखीव निधी ५ लाखांवर गेला आणि एकास एक बोनस भाग दिले, तर काकांना १ लाखाचे भाग मिळतील, ताईला १० हजारांचे. तो निधी साचला होता मालातून, आणि माल ताईनं दुप्पट दिला होता. मागच्या दारानं वाटणी पुन्हा भांडवलावर गेली.

यावर इलाज कायद्यातच आहे. सभासदांचे भाग शक्यतो त्यांच्या व्यवसायातल्या सहभागाच्या प्रमाणात असावेत असं तो सांगतो. म्हणून दरवर्षी ताईच्या फरकातला थोडा हिस्सा भागांत वळवत जा. चार-पाच वर्षांत भाग आणि माल यांचं प्रमाण जवळ येतं, मग बोनस भाग दिले तरी कुणावर अन्याय होत नाही.

पायरी तिसरी: मत कुणाला, आणि वर कोण बसलंय

सोसायटीत एका सभासदाला एक मत, भाग कितीही असोत. मत द्यायला स्वतः हजर राहावं लागतं, दुसऱ्याला पाठवून चालत नाही. कुणा एकाकडे एकूण भांडवलाच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त भाग असू शकत नाहीत. आपले काका बरोबर त्या रेषेवर आहेत. व्यक्ती सभासद असलेल्या उत्पादक कंपनीतही एकाला एकच मत.

पण एक माणूस एक मत एवढ्यानं सगळं होत नाही. आपल्या जिल्ह्यात संस्था बिघडताना पहिली खूण सभासद यादीत दिसते. निवडणुकीआधी अचानक सभासद वाढतात, आणि त्यातल्या निम्म्यांनी कधी एक जोड संस्थेला दिलेला नसतो. ओळखायची युक्ती सोपी आहे. सभासद रजिस्टर आणि माल खरेदीचं रजिस्टर शेजारी ठेवा आणि ज्यांच्या नावापुढं वर्षभर खरेदी नाही त्यांची नावं वाचा. ही यादी दरवर्षी सर्वसाधारण सभेत मोठ्यानं वाचायची, असं उपविधीतच लिहून ठेवा. उत्पादक कंपनीला इथं एक चांगलं हत्यार आहे. नियमावलीत तरतूद केली तर मताचा अधिकार फक्त सक्रिय सभासदांपुरता ठेवता येतो, आणि ज्याचा धंदा कंपनीच्या धंद्याच्या आड येतो अशा माणसाला सभासद होता येत नाही. म्हणजे उचल देणारा व्यापारी भाग घेऊन आत येऊ शकत नाही.

वरच्या देखरेखीत मोठा फरक आहे. सोसायटीवर निबंधकांचा हात असतो. ते चौकशी लावू शकतात, समिती बरखास्त होऊन प्रशासक येऊ शकतो. समितीनं घोटाळा केला तर गरीब सभासदाला दाद मागायला तालुक्यातच एक कार्यालय आहे, ही जमेची बाजू. त्याच दारातून राजकारणही आत येतं, ही दुसरी. कंपनीवर प्रशासक येऊन बसत नाही. मात्र वार्षिक विवरणं वेळेत भरली नाहीत तर प्रत्येक फॉर्मला दिवसाला १०० रुपये जादा शुल्क चढतं, त्याला कमाल मर्यादा नाही. सलग तीन वर्षं विवरणं गेली नाहीत तर संचालक पाच वर्षांसाठी अपात्र ठरतात. ज्या गटात कागदपत्र सांभाळणारं कुणी नाही, त्यांनी याचा विचार करावा.

पायरी चौथी: सभासद कुठवर पसरले आहेत ते बघा

कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते आठ जिल्ह्यांसाठी. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. निपाणी-अथणीकडे हाच माल होतो, नातीगोती आणि सोयरिकीही सीमेपलीकडे आहेत. तुमच्या गटात पलीकडची घरं असतील तर राज्याच्या कायद्याखालची सोसायटी कामाची नाही. बहुराज्य सहकारी संस्था काढायची तर प्रत्येक राज्यातले किमान ५० जण अर्जावर लागतात. वीस-पंचवीस घरांच्या गटाला ते जमणारं नाही. उत्पादक कंपनीला राज्याची हद्द आड येत नाही. अशा गटानं फार विचार न करता तीच घ्यावी.

घरं सगळी एका तालुक्यातली, उलाढाल पन्नास लाखांच्या आत, आणि पगारी माणूस परवडत नाही, तर माझा सल्ला सोसायटीचा. साधी प्रायव्हेट लिमिटेड तेव्हाच, जेव्हा एखाद्यानं मोठा पैसा घातलाय, धोका त्याचाच आहे आणि बाकीचे मजुरी किंवा जोडामागं दर घेऊन समाधानी आहेत. तेव्हा तिला गटाची कंपनी म्हणू नका, त्या माणसाचा धंदा म्हणा. प्रायव्हेट कंपनी हवं तर मालाचा दर वाढवून कारागिरांना जास्त देऊ शकते, पण ते संचालकांच्या मनावर असतं. नंतर बदलायचं म्हटलं तर राज्यातल्या सोसायटीचं थेट उत्पादक कंपनीत रूपांतर करायची सोय कायद्यात नाही, ती बहुराज्य संस्थांनाच आहे. म्हणून सुरुवातीचा निर्णय घाईनं घेऊ नका.

पायरी पाचवी: नोंदणी

सोसायटीसाठी आधी सभा घेऊन मुख्य प्रवर्तक निवडा. तालुक्याच्या सहाय्यक निबंधकांकडे नाव राखून ठेवण्याचा आणि बँक खातं उघडण्याच्या परवानगीचा अर्ज द्या. भागाची रक्कम त्या खात्यावर जमा करा आणि उपविधी, सभासद यादी, कामकाजाची योजना जोडून प्रस्ताव द्या. योजनेत कातडं कुठून घेणार, माल कुणाला विकणार, खेळतं भांडवल किती, हे आकड्यांत लिहा. संस्था चालेल का, हे निबंधक बघतात. निर्णयाची कायदेशीर मुदत दोन महिन्यांची आहे.

उत्पादक कंपनीसाठी सह्या करणाऱ्यांची डिजिटल सही काढा आणि SPICe+ हा ऑनलाइन फॉर्म भरा. पॅन आणि टॅन त्यातूनच मिळतात. संचालक किमान ५, जास्तीत जास्त १५. डिजिटल सहीचं टोकन, पोर्टलचा पासवर्ड आणि नोंदवलेला ईमेल संचालकांच्या ताब्यात ठेवा. हे सगळं सल्लागाराच्या कपाटात राहिलं आणि त्याच्याशी बिनसलं, की विवरणं अडकतात आणि शंभर रुपयांचं मीटर सुरू होतं. पहिली सर्वसाधारण सभा नोंदणीपासून ९० दिवसांत घ्यावी लागते, नवीन गट नेमकं हेच विसरतात.

पायरी सहावी: फरकाचा नियम आधीच लिहा

कायदा फरक देण्याची परवानगी देतो, सक्ती करत नाही. म्हणून उपविधीत किंवा नियमावलीत चार गोष्टी स्पष्ट शब्दांत आणा. फरक मालाच्या रुपयांवर मोजायचा. तो मोजताना संस्थेच्या पावतीवर आलेला मालच धरायचा. सभासद म्हणून मताचा किंवा समितीत उभं राहण्याचा हक्क हवा असेल तर वर्षाला किमान किती रुपयांचा माल द्यायचा. आणि माल दिल्या दिवशी किती रक्कम हातात, किती मागं.

यातली शेवटची बाब गट टिकवते किंवा मोडते. गणपती-दिवाळीच्या हंगामात व्यापारी रोख घेऊन दारात येतो, जोडामागं वीस-पंचवीस जास्त देतो, आणि सभासद संस्थेचा माल तिकडं घालतो. त्याला दोष देऊन उपयोग नाही, घरात पैशाची गरज असते. संस्थेनं माल दिल्या दिवशी शंभरातले ऐंशी-पंच्याऐंशी हातात ठेवले आणि उरलेले महिन्याभरात दिले, तर बहुतेक जण थांबतात. तेवढं खेळतं भांडवल पहिल्या हंगामाआधी खात्यावर हवं. आपल्या उदाहरणात वर्षाला ४० लाखांचा माल म्हणजे महिन्याला सरासरी साडेतीन लाखांच्या आसपास, आणि हंगामात त्याच्या दुपटीचा. दुकानदाराकडून पैसे यायला दोन महिने लागत असतील तर ५ लाखांचं भाग भांडवल पुरत नाही. जिल्हा बँकेकडून किंवा दुसरीकडून कर्जमर्यादा मंजूर होईपर्यंत उधारीवर माल देणाऱ्या दुकानांची संख्या मर्यादित ठेवा आणि काउंटरची, प्रदर्शनाची, आगाऊ पैसे देणाऱ्या गिऱ्हाइकाची विक्री आधी धरा.